लिंबाशेजारची पाटी

सकाळी दहाच्या आत मी मागच्या खोलीत जाऊन सुरीला जास्वंदीची फुलं चोळायची. चार-पाच फुलं लागत. पातं ओलसर जांभळं व्हायचं, पण वाळलं की लांबून काही कळायचं नाही. मुलांना ते दिसू नये म्हणून दार लोटून घ्यायचं, असं मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आधीच दिसलं तर गंमत काय राहिली, ताई?"

सिल्वासात एका जुन्या सरकारी इमारतीत तीन खोल्यांचं विज्ञानाचं प्रदर्शन होतं. लोक त्याला म्युझियम म्हणत. मॅडम मुंबईच्या, विज्ञान शिकवणाऱ्या. इथं त्या प्रदर्शन सांभाळायला आल्या होत्या. मी झाडलोट करायची, काचा पुसायची. माझी शाळा चौथीपर्यंत. लोकांसमोर मला तोंड उघडता यायचं नाही. म्हणून मला लिंबाचं टेबल दिलं. तिथं बोलायचं काम नव्हतं. शाळेची मुलं जमली की लिंबू उचलायचं, कापायचं, आणि लाल थेंब बशीत पडू द्यायचे. बाकीचं पाटी सांगणार.

पाटीवर वर तांबड्या रंगात, वीतभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'लिंबातून रक्त!' खाली बारीक अक्षरांत सहा ओळी. त्यात रंगद्रव्य होतं, आम्ल होतं, 'सान्निध्यात' होतं. पाटी लावायच्या आधी मॅडमनी मला ती वाचायला दिली होती.

"तुम्हाला कळलं की चौथीच्या मुलांना कळेल. कळलं ना?"

मी मान हलवली. खरं म्हणजे मी वरची ओळ वाचली होती. खालच्या ओळी डोळ्यांखालून घातल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. ते सांगायची मला लाज वाटली. ही पाटी मला अनेकदा आठवते ती त्या मान हलवण्यामुळे.

एकाच बसमधून चौथीपासून दहावीपर्यंतची मुलं येत. मोठी मुलं पुढं उभी राहून वाचत. लहान मुलं मागून टाचा उंच करत, त्यांना माझे हात आणि ती तांबडी ओळ एवढंच दिसे. मग शिट्टी वाजायची आणि सगळी चुंबकाच्या खोलीकडे पळायची.

आम्ही सामरवरणीला एका चाळीत राहायचो. नवरा राखोलीला दोऱ्याच्या कंपनीत. चाळीत सगळी खानदेशाकडची माणसं. टोकाच्या खोलीत एक विधवा बाई खानावळ चालवायची. सगळे तिला मावशी म्हणत. तिची जीभ फार तिखट. भाजीला मीठ कमी आहे म्हणणाऱ्याला ती म्हणायची, "घाम गळतोय ना ताटात, पुरे तेवढं." माणसं हसत आणि आणखी एक भाकरी मागत.

आमच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाचं तान्हं पोर उलट्या-जुलाबांनी गेलं. दोन दिवसांत गेलं. आदल्या आठवड्यात मावशीनं त्याला मांडीवर घेतलं होतं आणि म्हणाली होती, "केवढं गुटगुटीत आहे, कुणाची नजर लागेल." एवढंच बोलणं. पण पोर गेल्यावर ते तोंडातोंडी फिरलं. बापानं गावाकडून एक भगत आणला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर भगत नळाजवळ बसला. बायका, पुरुष, सगळी चाळ भोवती. त्यानं मावशीच्या खोलीकडे तोंड केलं, काहीतरी पुटपुटला आणि लिंबू कापलं. लाल रस त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. "रक्त निघालं, म्हणजे पोर खाणारी याच खोलीत," तो म्हणाला.

मी तो लाल रंग ओळखला. माझ्या रोजच्या हातांवरचाच तो.

कंपनीत मुकादम असलेला एक जाणता माणूस म्हणाला, "थांबा भो, ही हातचलाखी असते. मी ऐकलंय." लोक जरा थबकले. तेवढ्यात गेलेल्या पोराची बहीण, चौथीतली, बापाच्या शर्टाला धरून म्हणाली, "खरंच निघतं रक्त. आमची शाळा म्युझियमला गेली होती ना. तिथंपण निघालं. काकूंनीच कापलं. वर लिहिलंय मोठ्ठं, लिंबातून रक्त."

बापानं माझ्याकडे पाहिलं. "काय वहिनी? लिहिलंय?"

सगळी चाळ माझ्याकडे वळली. पोरीनं सांगितलं ते खोटं नव्हतं. लिहिलं होतंच. 'ते फूल आहे' हे तीन शब्द मला बोलायचे होते, आणि ते माझ्याकडून निघाले नाहीत. मी मान खाली घातली. त्यांनी ते हो म्हणून घेतलं.

मावशी पीठ मळत होती. तिला वेणीला धरून बाहेर ओढलं. पहिली लाथ बापानं मारली, कमरेत. मग किती जणांनी मारलं ते मोजता येणार नाही. कुणीतरी तिचाच पोळपाट तिच्या डोक्यात घातला. ती डोकं झाकायला हात वर करायची तर हातावर मारायचे. जळणातलं लाकूड डाव्या हातावर बसलं तेव्हा कडकन आवाज आला, वाळकी फांदी मोडल्यासारखा. बायकाही होत्या. ज्यांची पोरं तिनं न्हाऊ घातली त्या बायका. मावशी आधी शिव्या देत होती, मग नावं घेऊन एकेकाला हाका मारत होती, मग नुसती ओरडत होती. तिच्या तोंडातलं रक्त पिठाच्या हातांनी पुसताना गालावर लाल चिखल झाला.

मी तेव्हा कुठं धावले. तिच्यावर पालथी पडले. माझ्या पाठीत दोन बसले, मग मुकादमानं लोकांना मागे ढकललं.

तिला सरकारी दवाखान्यात नेलं. बापानं तिच्या खोलीला आपलं कुलूप घातलं आणि चाळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "परत आली तर जिवंत जाळीन." मावशीला जायला दुसरं घर नव्हतं.

सोमवारी मी सुरीला फुलं चोळली नाहीत. मॅडम आल्या तेव्हा पाटी भिंतीवरून काढून टेबलावर पालथी ठेवली होती.

"हे काय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर पूर्ण गोष्ट सांगितली. रडत, अडखळत. शेवटी म्हणाले, "मॅडम, मी खालचं वाचलंच नव्हतं. मीसुद्धा वरचंच वाचलं होतं."

मॅडमनी पालथ्या पाटीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "पण खाली स्पष्ट लिहिलंय हो..." आणि मध्येच थांबल्या. पाटी सुलटी केली, खोलीच्या दारापाशी जाऊन तिथून वाचून पाहिली. तिथून खालचं काहीच दिसत नव्हतं.

त्यांनी नवीन कागद घेतला. लिहिलं, 'लिंबातून रक्त येते का?' खाली सोपं उत्तर. मला ते बरं वाटलं. पण या वेळी मी मान हलवली नाही. म्हणाले, "त्या पोरीला वाचायला देऊ."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन आले. मॅडमनी कागद भिंतीला लावला, पोरीला चार पावलं लांब उभं केलं आणि पाच मोजून कागद काढून घेतला.

"आता घरी जाऊन काय सांगशील?"

"लिंबातून रक्त येतं," पोर म्हणाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "प्रश्न विचारला तरी तेच डोक्यात राहतं."

"मग 'रक्त येत नाही' लिहा," मी म्हणाले.

तेही लिहून पाहिलं. पोरीनं बरोबर सांगितलं. पण मॅडम म्हणाल्या, "मागच्या रांगेतल्याला 'रक्त' तेवढं दिसलं तर? तो शब्दच नको." त्यांनी खोडलं. बराच वेळ पेन्सिल चावत बसल्या. मी फुलांची परडी उचलून टेबलावर, लिंबाशेजारी ठेवली. रोज लपवायची ती.

"मॅडम, आपण तरी का लपवतो? तो भगतपण लपवतोच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. वरची, सर्वांत मोठी ओळ: 'हा लाल रंग जास्वंदीच्या फुलाचा आहे.' खाली जरा लहान: 'सुरीला जास्वंद चोळली आहे. लिंबाचा आंबट रस लागला की तिचा रंग लाल होतो. धुतलेल्या सुरीने कापून पाहा.' अगदी खाली, मोठ्या मुलांसाठी वेगळ्या चौकटीत आम्लाचं आणि चुन्याच्या निवळीत तोच रंग हिरवट का होतो त्याचं. पोर जिथं अडखळली तिथं मॅडमनी खूण केली आणि शब्द बदलला. 'सान्निध्यात' तेव्हाच गेला.

"आता काय सांगशील?"

"फुलाचा रंग आहे."

मी तिच्यासमोर सुरी चोळली, कापलं. लाल. सुरी साबणानं घासून धुतली, दुसरं कापलं. पाण्यासारखा रस. पोर दोन्ही फोडी बघत राहिली.

"काकू, मग मावशीचं काय?"

मी दोन्ही फोडी कागदात बांधून तिच्या हातात दिल्या.

दोन दिवसांनी तिचा बाप आला. प्रदर्शन बघायला नाही, मला मारायला आला असं मला वाटलं. लुंगी खोचलेली, डोळे तांबडे. "माझ्या पोरीला काय शिकवलंस तू?"

मी पाटीकडे बोट केलं. आवाज निघाला नाही, पण या वेळी त्याची गरज नव्हती. तो अक्षर अक्षर लावून वाचायला लागला. वरची ओळ वाचून झाल्यावर त्यानं माझ्या हातातली सुरी ओढून घेतली. मॅडम किंचाळल्या.

त्यानं नळावर सुरी धुतली. लिंबू कापलं. पाणी. दुसरं कापलं. पाणी. मग परडीतलं फूल पात्यावर रगडलं आणि कापलं. लाल. पुन्हा धुतली, पुन्हा कापलं. टोपलीतली सगळी लिंबं त्यानं तशी कापली, शेवटची तर कापली नाहीत, चेचली. पातं घसरून त्याच्या तळहातात घुसलं तरी थांबला नाही. मग टेबलावर डोकं आपटायला लागला. एकदा, दोनदा. कपाळ फुटलं. मी त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये माझा हात घातला, तेवढंच मला सुचलं.

"माझ्या पोराला काय झालं होतं मग?" तो म्हणाला. "कुणी मारलं मग त्याला?"

त्याचं उत्तर आमच्या पाटीवर नव्हतं.

जाताना त्यानं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. रसानं आणि रक्तानं ती चिकट झाली होती. मी धुऊन घेतली.

मावशी महिन्याभरानं खोलीत परतली. डावा हात वाकडा जुळला होता, एका हातानं भाकरी थापता येईना, म्हणून सकाळी मी थापून द्यायची. जेवायला मुकादम आणि दोन-तीन माणसंच यायची. पोरीचा बाप तिच्या दारावरून जाताना भिंतीकडे बघत जायचा. मी तिला पाटीबद्दल सगळं सांगितलं, माझ्या मान हलवण्याचंही. ती ऐकत होती.

"तोंड होतं ना तुला?" ती म्हणाली. "मग वापर आता. तवा तापलाय, भाकरी उलट."

त्यानंतर शाळा आली की मी लिंबू कापायच्या आधी फूल उंच धरायची. मागच्या रांगेला दिसेल इतकं उंच. आणि पाटीवरची वरची ओळ मोठ्यानं वाचायची.