अर्धा निरोप

लिंबायतच्या इद्रिस मोमीनने शेजारच्या हुसेनचाचांना त्यांच्या कापड विणायच्या चार लूमचा आगीचा विमा पुन्हा भरू दिला नाही. "मौलाना म्हणतात, नाजायज आहे," एवढं ठणकावून स्वारी मोकळी!

मौलानांनी मात्र त्याला सगळं समजावलं होतं. "हप्ता भरून आपण विकत काय घेतो? काही मिळेल का, किती, कधी, कुणालाच ठाऊक नाही. सौद्यातल्या या अनिश्चिततेला गरर म्हणतात. बहुतेक आलिमांचा, धर्मपंडितांचा, आक्षेप त्यालाच आहे. त्याऐवजी तकाफुल करा. सगळ्यांनी दान म्हणून वर्गणी टाकायची, ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून द्यायचं, शिल्लक राहील ती सगळ्यांची. दानात अनिश्चितता चालते, कारण तिथे सौदाच नसतो. इद्रिस, तूच पुढाकार घे."

इद्रिस 'हो' म्हणाला आणि दोन वर्षं हातावर हात ठेवून बसला.

परवा चाचांचे चारही लूम जळाले. इद्रिस भेटायला गेला, तेव्हा काळवंडलेल्या दारात उभ्या चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, लूम गेले, पण तू मला गुनाहातून वाचवलंस. अल्लाह तुझं भलं करो."

शिवी घातली असती, तर इद्रिसला मान वर करता आली असती.