परत ठेवलेलं केळं

जानेवारीचा तिसरा रविवार. रक्कम पंचेचाळीस हजार रुपये, त्यातली निम्मी आगाऊ. हजर चौघं: मोठी वहिनी, मी, धाकटा भाऊ आणि पालघरहून आलेली फिल्म करणारी मुलगी. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण वहिनींना काकू आणि मला काका म्हणायची म्हणून मुलगी. जागा एडवणची आमची वाडी. लग्नाच्या शूटिंगवर तिचं घर चालतं, जाहिराती ती कमी करते आणि आवडीने करते, असं तिनेच सांगितलं.

जाहिरात सुकेळ्यांची होती. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या मांडवावर सहा-सात दिवस वाळवायची, रोज संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी परत मांडायची, शेवटी वाळक्या केळपानात बांधायची. चार किलो केळ्यांचं जेमतेम एक किलो होतं. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी हे दोन बायकांना हाताशी धरून करतात. अर्ध्या किलोचा पुडा नऊशे रुपये. मी बोईसरला एका कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे वहिनींचाही हिशेब माझ्याकडेच. पुड्यामागे खर्च सहाशे चाळीस, पार्सलने पाठवला तर आणखी ऐंशी.

वाडी तिघांच्या नावावर आहे. धाकट्याचं बोईसरला फर्निचरचं दुकान आहे आणि राजेळीच्या तुकड्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं त्याच्या मनात तीन वर्षं होतं. समुद्र जवळ आहे, माणसं येतात, त्याचं गणित चुकीचं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: मार्चअखेर वहिनींनी नऊशेच्या भावाने दीडशे पुडे विकून दाखवावेत, मग तुकड्याला कुणी हात लावणार नाही. मुंबईत उंची खाण्याच्या वस्तूंचं एक दुकान आहे. तिथल्या खरेदी बघणाऱ्या बाईंनी नमुना खाऊन कळवलं होतं की शंभर पुडे घेऊ, पण दुकानात लावायला छोटी फिल्म हवी. म्हणून ती फिल्म. अर्धे पैसे धाकट्याने स्वतःहून देऊ केले. तो मनाने वाईट नाही. हे मी मुद्दाम इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे ते लिहिण्याची इच्छा राहणार नाही.

शूटिंग सकाळी साडेसहाला सुरू झालं, कारण ऊन तिरकं असताना सुकेळं उजेडात धरलं तर आरपार मधासारखं दिसतं. मुलीने कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला आणि तो हलवलाच नाही. धाकटा अस्वस्थ झाला.

"मॅडम, जरा फिरवा की कॅमेरा. झूम वगैरे?"

"वस्तू चांगली असली की कॅमेऱ्याला धावावं लागत नाही, दादा."

"आणि बोलणार कोण? आपल्याकडे माणूस आहे, आवाज एकदम खणखणीत."

"कुणी नाही. पानाचा आवाज येईल, सुरूच्या झाडांतला वारा येईल. शेवटी चारच शब्द. एडवणची सुकेळी. सात उन्हं."

"आणि भाव?"

"भाव पुड्यावर आहे. विचारलं की सांगायचा. लपवायचा नाही, पण ओरडायचाही नाही. आपणच भावाने सुरुवात केली की समोरचा घासाघीस करायलाच बसतो. मग केळं बघतो कोण?"

वहिनी चटईवरून मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, तुमचा सोफा पण असाच ओरडतो काय, कुणी बसला की?"

सगळे हसलो. धाकटाही हसला.

आठवड्याने फिल्म माझ्या फोनवर आली. पंचेचाळीस सेकंद, चार दृश्यं. पहिलं मांडवावरच्या चटयांचं, नऊ सेकंद. तिसरं केळपानाचा पुडा बांधण्याचं, तेरा सेकंद. चौथं लाकडी बाकावर ठेवलेल्या पुड्याचं, बारा सेकंद, त्यावर ते चार शब्द, बारीक अक्षरांत, न हलणारे. दुसऱ्या दृश्यात वहिनींचा हात एक सुकेळं उचलतो, अंगठ्याने दाबून बघतो, आणि परत चटईवर ठेवतो, कूस बदलून. अजून झालेलं नाही म्हणून. अकरा सेकंद. चिकाने काळे पडलेले हात, कसलीही घाई नाही.

मुलीने सोबत लिहिलं होतं, "काका, माल परत ठेवणारी बाई मी जाहिरातीत कधी पाहिली नाही. सगळी फिल्म या अकरा सेकंदांवर उभी आहे."

मी काय केलं ते लिहितो. मी भागाकार केला. पंचेचाळीस हजार भागिले पंचेचाळीस, सेकंदाला हजार रुपये. म्हणजे एक केळं उचलून परत ठेवायला आम्ही अकरा हजार मोजले होते. मला ते सहन झालं नाही. मी फिल्म धाकट्याला पाठवली आणि खाली लिहिलं, "अकरा सेकंद काही घडतच नाही. भाव तरी टाकायला हवा का?"

त्याचा फोन लगेच आला. "दादा, माझ्या मनातलं बोललास! माल परत ठेवताना दाखवतात का कुणी? लोकांना वाटेल खराब निघाला. मी आपल्या माणसाकडून जरा जोरदार करून घेतो. कमीत कमी कितीला परवडेल सांग."

"घरपोच धरून सातशे वीस."

"सातशेच्या आत दिसलं पाहिजे रे. सहाशे नव्व्याण्णव."

"त्यात एकवीस रुपये अंगावर येतात."

"संख्येवर भरून निघतात. टाकू?"

नुकसान संख्येने भरून निघत नाही, संख्येने वाढतं. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मी म्हणालो, "बघ." एवढंच. नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. वहिनींना विचारलं नाही, त्या मुलीला कळवलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या बाई पालघरला आल्या. मुलीचा स्टुडिओ स्टेशनजवळ, मोबाईलच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. वहिनी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. मोठ्या पडद्यावर फिल्म लागली. खोलीत पानाची कुरकुर ऐकू आली, मग वारा. अकरा सेकंदांचं दृश्य आलं तेव्हा त्या बाई पुढे झुकल्या. मोठ्या पडद्यावर मला पहिल्यांदा दिसलं की परत ठेवताना वहिनींच्या बोटांनी ते केळं हलकेच थोपटलंय. फोनवर बघताना मी भागाकारात होतो.

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "पुडा कितीला देणार?"

"नऊशे," वहिनी म्हणाल्या आणि गप्प बसल्या. तो आकडा सांगून इतकं स्वस्थ बसलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

बाईंनी पर्समधून फोन काढला. "मग हे काय आहे? काल आमच्या ऑफिसात कुणीतरी दाखवलं."

धाकट्याने परस्पर सोशल मीडियावर टाकलेली फिल्म मी तोवर पाहिली नव्हती. वीस सेकंदांत सतरा दृश्यं होती, मी मोजली. ढोल होता. वहिनींचे हात दुप्पट वेगाने पळवले होते. रिक्षावर फर्निचरची जाहिरात करणारा तो आवाज ओरडत होता, "अरे देखो देखो देखो! बाराशे का माल, सिर्फ छेसौ निन्यानवे!" पिवळा तारा फुटत होता, त्यात लाल रेघ मारलेले बाराशे. बाराशे हा आकडा आमच्या कुठल्याही वहीत कधीच नव्हता. पाळीव जनावराला कपडे घालून रस्त्यावर नाचवावं तसं ते दिसत होतं.

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. मग वहिनी म्हणाल्या, "माझे हात असे नाय चालत."

"मावशी, मला माल आवडलाय," बाई म्हणाल्या. "पण गिऱ्हाईक फोनवर सहाशे नव्व्याण्णव बघून आलं, तर मी त्याच्यापुढे हजार-बाराशेचा पुडा कसा ठेवू? आता पाचशेच्या वर घेता येणार नाही."

"मग नका घेऊ."

"साडेपाचशे?"

"माझा भाव मी सांगला. आमी भाजीवाले नाय, आणि भाजीवाली पण एवढी उतरत नाय."

बाई हसल्या, पण वाईट वाटल्यासारख्या. पुढच्या हंगामात बघू, तोवर दुसरी फिल्म लोक विसरतील, असं म्हणून निघाल्या. मुलीने मला एकच विचारलं, "काका, ही दुसरी फिल्म तुम्हाला विचारून केली होती?"

"मी म्हटलं होतं, बघ."

तिने पडदा बंद केला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेच जास्त लागलं, कारण त्या रागावल्या नव्हत्या. आकड्यांच्या बाबतीत तरी हा माणूस धड असेल, असा त्यांचा समज होता, तो गेलेला दिसत होता.

संध्याकाळी मी धाकट्याच्या दुकानात गेलो. तो खुशीत होता.

"दादा, दोन दिवसांत एकतीस गेले! तुमच्या त्या मुक्या फिल्मने किती विकले? सांग ना."

"शंभर जात होते. नऊशेने."

"जात होते! गेले का? माझे गेले."

"प्रत्येक पुड्याला एकवीस रुपये घरचे घालून गेले. आणि बाराशे कुठून आणलेस?"

"अरे, सगळेच लिहितात. त्याशिवाय सहाशे नव्व्याण्णव कमी वाटणार कसे?"

त्याला पटत नव्हतं म्हणून नव्हे, त्याला प्रश्नच दिसत नव्हता म्हणून मी उठलो. प्लास्टिकच्या आवरणातल्या सोफ्यावरून उठताना तो कुरकुरला. दाराबाहेर रिक्षावर तोच आवाज चालू होता, आता गाद्यांसाठी. मला धाकट्याची किळस आली, आणि स्टेशनपर्यंत चालताना ती माझ्यावरच उलटली. त्याला जमतं ते त्याने केलं. मला गणित येत होतं आणि मी "बघ" म्हणालो.

फिल्म त्याने काढून टाकली, पण ज्यांनी मागवले त्यांना त्याच भावाने पाठवावे लागले. शब्द आमच्या नावाने दिला गेला होता. मार्चअखेर नऊशेच्या भावाने गेलेले पुडे अडतीस. दीडशेत एकशे बारा कमी. वहिनींनी मुदत वाढवून मागितली नाही. एप्रिलमध्ये राजेळीचा निम्मा तुकडा तोडला गेला, खोल्यांच्या पायासाठी. उरलेला निम्मा राहिला तो त्याच्या कागदावर मी सही दिली नाही म्हणून, आणि त्यात माझा काही मोठेपणा नाही.

फिल्मच्या उरलेल्या बावीस हजार पाचशेंपैकी धाकट्याने त्याचा वाटा द्यायचं नाकारलं, फिल्म वापरलीच नाही म्हणून. ते सगळे पालघरच्या मुलीला मी दिले. तिने पावती लिहून दिली, चहा विचारला नाही. त्या एकतीस पुड्यांवर नऊशे आणि सहाशे नव्व्याण्णव यांत पडलेला फरक, दोनशे एक गुणिले एकतीस, सहा हजार दोनशे एकतीस रुपये, माझ्या पगारातून वहिनींना दिले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि घेतल्या.