पाकिटावर चिकटवलेला पोपट

क्रांती चौकामागच्या आमच्या किराणा दुकानात चहा नावानं कधी विकलाच गेला नाही. "पोपट द्या," एवढंच गिऱ्हाईक म्हणायचं. पाकिटावर टोपी घातलेला हिरवा पोपट होता ना! मग कंपनीनं त्याला घरी बसवलं. नवं पाकीट आलं लालभडक, वर नुसती अक्षरं.

एसटीनं बाजाराला येणाऱ्या पाचोडकडच्या म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही. त्या पाकीट उलटंपालटं करायच्या आणि खाली ठेवायच्या. "ह्यो आपला नाय." तेव्हा आमच्या ह्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. जुन्या रिकाम्या पाकिटांवरचे पोपट कापून नव्या पाकिटांवर डिंकानं चिकटवायला लागले. वर प्रत्येकाला बजावायचे, "पोपट बघूनच घ्या बरं का. पोपट नसला तर चहा खोटा समजा."

मी म्हटलं, "अहो, कंपनीनं सोडला त्याला, तुम्ही कशाला उरावर घेताय?" ऐकतील तर शपथ!

परवा दुपारी कंपनीचा तपासनीस दोन पोलिसांना घेऊनच दुकानात शिरला. आदल्या दिवशी गिऱ्हाईक बनून यानंच एक पाकीट नेलं होतं.

"हे चित्र आम्ही बंद केलंय. तरी त्यावर मालकी आमचीच. आता हा पोपट फक्त बनावट मालावर दिसतो," तो म्हणाला. मग पाकीट उलटं केलं. "बॅच नंबर कुठंय? पॅकिंगची तारीख कुठंय?"

लाल पाकिटाच्या मागं एकच पांढरी पट्टी, नंबर-तारखेचा शिक्का तिथंच असतो, आणि ह्यांनी पोपट नेमका तिथं डकवला होता. मुद्दाम झाकलं नाही, हे पोलिसाला पटणार होतं का? ह्यांना आता गाडीत घालून नेणार, दुकानाला सील लागणार, एवढंच मला दिसत होतं.

तपासनिसानं ओलं फडकं मागितलं. पोपट भिजवून हळूच सोलला. खाली नंबर होता, थोडा पुसट झालेला. त्यानं कंपनीच्या गोदामाला फोन लावून तो वाचून दाखवला. पाकिटाचा जोड नखानं तपासला. मी काउंटर घट्ट धरून उभी होते.

"माल खरा आहे," तो शेवटी म्हणाला. "पण सगळे पोपट आत्ता, माझ्यासमोर काढा."

माझ्या जिवात जीव आला. हे खाली बसून पोपट सोलायला लागले, आणि तेवढ्यात आमची नेहमीची पाचोडची मावशी दारात आली. तिनं पोलीस बघितले, जमिनीवरचे पोपट बघितले.

"म्हंजे इतके दिस खोटाच देत व्हता व्हय?"

"नाय मावशी, चहा तोच आहे, आईशप्पथ," हे कळवळून म्हणाले.

तिनं पिशवी काखोटीला मारली आणि एसटी स्टँडची वाट धरली. पाचोडच्या गाडीत सगळ्या बायांना ती आता हेच सांगणार होती.