बगलेतल्या गडद पट्ट्या

दोन हजार पाच साली माझी सून श्रीरंजनी कॉलेजच्या मेळाव्याला निघाली, ती जुन्यातूनच नटून. माझा मुलगा कामाला होता तो चेन्नईच्या अंबत्तूर भागातला कारखाना बंद पडून त्याची नोकरी गेली होती, आणि मैत्रिणींना ते कळू द्यायचं नव्हतं. लग्नातली कांजीवरम घड्यांवर विरलेली, तिचे काठ कापून तिनं साध्या करड्या साडीला लावले. जांभळा ब्लाउज आवळत होता, म्हणून बाजूच्या शिवणी उसवून आत दुमडलेली माया सोडली. पण बाहेरचं कापड विटलेलं, आतलं कोरं. दोन्ही बगलांखाली गडद पट्ट्या उमटल्या.

"हात खाली ठेव, पदर पुढे घे. पदर असतो कशाला?" मी म्हटलं.

मेळाव्यात काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. त्यांना शिकवणाऱ्या, आता म्हाताऱ्या झालेल्या बाईंनी गंमत म्हणून जुन्या वर्गाची हजेरी घेतली. नाव आलं की हात वर करायचा. मागच्या रांगेत बसलेल्या श्रीरंजनीनं पट्ट्या दिसतील म्हणून हात पदराखालीच ठेवला.

"ती कशी येईल?" पुढच्या रांगेतून कोणी म्हणालं. "नवऱ्याची नोकरी गेली ना तिच्या."

न जेवताच ती घरी आली. सकाळी बघते तर ब्लाउज गच्चीवर, पट्ट्या उन्हाकडे करून पसरलेला.

"विटू दे आई, तेवढंही."

चेन्नईचं ऊन ते करीलच. पुढचा मेळावा कधी, ते मी विचारलं नाही.