काळा चष्मा आणि हळदीची राखण

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीत झालं, तालुक्याच्या शिबिरात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऑपरेशन चांगलं झालं. बिघडलं ते घरी आल्यावर.

आमच्या कुरुंदा गावाकडं डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे अंधारातलं बाळंतपण. मधल्या खोलीच्या खिडकीला गोणपाट ठोकायचं, माणसाला काळा चष्मा लावून आत बसवायचं, ऊन म्हणून दिसू द्यायचं नाही. गल्लीतल्या एका बाईचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. तिनं औषधाचे थेंब घातले नव्हते आणि मळक्या पदरानं डोळा चोळला होता, पण गावात पक्कं झालं की तिला ऊन लागलं. डॉक्टरांनी आत्याबाईंना महिनाभर काळा चष्मा वापरायला सांगितला होता. महिना उलटला, संक्रांत गेली, शिमगा आला, तरी चष्मा डोळ्यावर आणि गोणपाट खिडकीवर.

आत्याबाई दिवसभर त्या खोलीत पडून असत. जरा डोळा लागायचा, जाग यायची, पुन्हा लागायचा. रात्री मात्र टक्क जाग्या. उठून भांडी लावायच्या, गाईला वैरण टाकायच्या. एकदा अंगणाचं दार उघडून विहिरीच्या वाटेला लागल्या. शेजाऱ्यानं हात धरून परत आणलं.

दुसऱ्या दिवशी माझे धाकटे दीर जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून लोखंडी कडी घेऊन आले.

"वहिनी, मायच्या खोलीला भायेरून लावतो. रातच्याला कडी घालायची."

"आणि त्यांना लघवीला जायचं असलं तर?"

"आवाज देईल की. विहिरीत पडून राहिली म्हणजे? लोक आपल्या तोंडात शेण घालतील."

"कैद्याला कोंडतात भाऊजी. आईला न्हाई."

"मग तुमीच करा उपाय. तुमी शाळेत शिकवता, शाण्या हाव. अमावस्येपर्यंत बघतो. तिला झोप लागली न्हाई तर कडी बसलीच म्हणून समजा."

माझे यजमान उठून गोठ्यात गेले. घरात वाद निघाला की ते तिकडंच असायचे. कडी भिंतीतल्या देवळीत ठेवली गेली आणि घरात सगळ्यांनी आत्याबाई भ्रमिष्ट झाल्या असं धरून चालायला सुरुवात केली. मला ते पटत नव्हतं. दुपारी त्यांच्याशी बोलावं तर डोकं अगदी ठिकाणावर होतं. कुणाच्या शेतात किती हळद निघाली ते त्यांना पाठ होतं. भ्रमिष्ट माणसाला हळदीचा हिशोब राहत नाही.

आधी मी माझ्या अकलेनं उपाय केला. दिवसभर तुरी निवडायला दिल्या, थकतील म्हणून. अंधाऱ्या खोलीत बसून तुरी निवडल्यानं बोटं दुखली, झोप आली नाही. मग वाटलं, मोकळी हवा हवी. ऊन नको म्हणून दिवस कलल्यावर गच्चीवर नेऊन बसवलं, दिवेलागणीपर्यंत. त्यानंतर तर त्या आणखी उशिरापर्यंत जाग्या राहू लागल्या.

म्हणून रजा टाकली आणि त्यांना एसटीत घालून तालुक्याला त्याच डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी झोपेचं ऐकून घेतलं, डोळा तपासला, तो कधीच बरा झाल्याचं सांगितलं, आणि काळ्या चष्म्याकडं बोट दाखवलं.

"आजी, हे अजून काहून लावता?"

"ऊन लागतं म्हणून."

"उन्हाची भीती सोडा. तुम्हाला झोप येत न्हाई ती याच्यामुळं."

मग माझ्याकडं वळून त्यांनी सांगितलं ते मी नीट ऐकून घेतलं. माणसाच्या डोक्यात एक घड्याळ असतं. बहुतेकांचं ते रोज थोडं मागं पडतं. सकाळचा बाहेरचा उजेड डोळ्यातून आत गेला की ते पुन्हा जागेवर येतं. सकाळी ते असं जुळलं तरच रात्री ठरल्या वेळी झोप येते. घरातला बल्ब त्याला पुरत नाही. संध्याकाळी उशिराचा उजेड तर त्याला आणखी मागं ढकलतो.

"म्हणजे मी गच्चीवर नेत होते ते उलटच झालं."

"उलटच. सकाळी न्या. दिवस उगवल्यावर, मोकळ्या आभाळाखाली. सूर्याकडं बघायचं न्हाई, नुसतं उजेडात बसायचं. ढग असले तरी चालेल. आणि दुपारची लांब झोप बंद."

घरी येऊन मी गोणपाट काढलं. आत्याबाई पाठमोऱ्या बसल्या.

"डाक्तर काय बी सांगतो. डोळा त्याचा जाऊन राहिला काय?"

"डोळा त्यांनीच नीट करून दिला, आत्याबाई. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त काळजी असंल."

पहिले काही दिवस मी त्यांना उठवून अंगणात बसवायची. पण तेव्हा उन्हाळ्यामुळं सकाळची शाळा सुरू झाली होती. मी वेशीबाहेर पडले की त्या आत. एकदा पिशवी विसरले म्हणून परत आले तर बाई काळा चष्मा लावून मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून. मी पिशवी उचलून शाळेची वाट धरली. रागावून माणूस उजेडात बसत नाही. त्याला तिथं काम लागतं.

आणि काम समोरच होतं. आमची हळद शिजून घरामागच्या खळ्यावर वाळायला पसरली होती. हळदीला राखण लागते. शेरडं तुडवतात, पोरं पळवतात, आणि वरचेवर हलवली नाही तर एका अंगानं ओली राहते. दरवर्षी राखणीला गडी असायचा. मी त्याला कांदे काढायला मळ्यात पाठवून दिलं.

"आत्याबाई, खळ्यावर कुणी न्हाई. मी शाळेला चालले."

"कुणी न्हाई म्हंजी? आन् शेरडं?"

"येतील की."

"माझ्या हळदीत?"

काठी घेऊन निघाल्या. दारात मी काळा चष्मा मागितला. "यानं हळदीचा रंग कळंल का तुम्हाला? ओली कोणची, वाळली कोणची?" हे त्यांना पटलं. चष्मा माझ्या हातात देऊन त्यांनी नंबरचा चष्मा लावला आणि खळ्यावर जाऊन बसल्या. सूर्य पाठीशी, आभाळ समोर. दुपारी मी परत आले तर गल्लीतली अर्धी पोरं त्यांच्या शिव्या खाऊन पळाली होती.

लगेच काही झालं नाही. दीर रोज सकाळी विचारायचे, "झोपली का माय?" आणि मी रोज सांगायची, "तुम्ही कडीला हात लावायचा न्हाई." रात्रीचं उठणं तसंच होतं. दुपारी खाटेवर पडल्या की मीच हलवून उठवायची, त्यावर त्या मला वैरीण म्हणायच्या. मी वैरीण व्हायला तयार होते.

मग एका संध्याकाळी भाकरी खाता खाता त्यांनी जांभई दिली. मोठी, आवाजाची. दीर घास हातात धरून बघत राहिले.

"काय बघून राहिला रे? दिसभर उन्हात बसते मी, तुझ्यासारखी पारावर न्हाई."

त्या रात्री पूर्ण झोप लागली असं नाही. एकदा उठल्याच. पण विहिरीकडं गेल्या नाहीत, पाणी पिऊन परत झोपल्या. त्यानंतर जांभई लवकर येऊ लागली, आणि अमावस्येच्या आत तर अशी वेळ आली की भांडी घासून होईपर्यंत मधल्या खोलीतून घोरणं ऐकू यायचं. सकाळी मला उठवायला लागायचं नाही. मी चूल पेटवायच्या आधी त्या काठी घेऊन दारात उभ्या.

हळद वाळली, पोत्यांत भरून मागच्या खोलीत रचली. राखण संपली. मला धास्ती वाटली की बाई आता परत खोलीत शिरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या अंगणात, गाईजवळ बसलेल्या.

"हळद तर भरली, आत्याबाई."

"व्हय. पण आत कोंदट लागतं."

दीरांनी देवळीतली कडी काढली आणि कुठं ठेवायची म्हणून हातात धरून उभे राहिले. आत्याबाईंनी बघितली.

"ही काहून आणली होती?"

दीर कडी पाठीमागं लपवू लागले. आत्याबाईंना सगळं ठाऊक असावं, कारण त्या हसल्या.

"हळदीच्या खोलीला लाव. तिला कोंडलेलं चालतं."

दीरांनी लगेच हातोडी आणली. कडी हळदीच्या खोलीलाच बसली, जरा वाकडी, आणि आत्याबाईंनी ती काढायला लावून पुन्हा सरळ बसवून घेतली.