दीडशे अंशांवरचं पुडिंग

जूनमधला शनिवार. दूध, अंडी आणि साखर मिळून साडेसात युरो. घरात सासूबाई, बायको, मुलगी आणि मी. पैसे सासूबाईंनी त्यांच्या बटव्यातून दिले होते. नात आबिटूर, म्हणजे इथली बारावी, पास झाली, तिचं गोड आजीच्याच पैशांचं, असा त्यांचा हट्ट होता. पाहुणे रविवारी संध्याकाळी येणार होते.

सासूबाई नागपूरहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, डार्मश्टाटला आल्या होत्या. येण्याआधी एकदा त्यांच्याकडून गॅस चालू राहिला होता. तेव्हापासून मेहुण्याचं म्हणणं होतं की नागपूरचा फ्लॅट विकून आईला स्वतःकडे राहायला आणावं. बायकोला ते पटत नव्हतं. "मी इथे नीट बघते आणि सांगते," असं तिने भावाला कळवलं होतं. सासूबाईंना हे सगळं माहीत होतं.

कॅरॅमल पुडिंग हा त्यांचा हातखंडा पदार्थ. तिकडे त्या शिटी काढलेल्या कुकरमध्ये मंद आचेवर करायच्या. ओव्हनची सवय त्यांनी इथे महिनाभरात करून घेतली होती. साखर तांबूस करून भांड्याच्या तळाशी ओतली. दूध कोमट केलं, अंडी फेस न येऊ देता हलक्या हाताने मिसळली, मिश्रण गाळलं, वरचे बुडबुडे चमच्याने काढले. मोठ्या ट्रेमध्ये फडकं अंथरून त्यावर भांडं ठेवलं, त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी ओतलं आणि बटण दीडशेवर लावलं.

"जावईबापू, मी येईपर्यंत हात लावू नका हं. पाणी उकळता कामा नये," असं बजावून त्या नातीबरोबर फिरायला गेल्या. बायको बाजारात गेली होती.

अर्ध्या तासाने मी आत डोकावलो. पाणी निवांत पडून होतं, पुडिंग हलत होतं. मी इंजिनिअर, हिशेबी माणूस. दीडशेवर तास लागतो, तर दोनशेवर पाऊण तासात भागेल, वीजही वाचेल, असं गणित मी मांडलं. न उकळणारं पाणी मला आळशी वाटलं. मी बटण दोनशेवर नेलं आणि ओव्हनमधला पंखाही सुरू केला.

वीस मिनिटांनी पाणी खळखळत होतं. पुडिंगची कड फुगली होती, वर फोड आले होते. मी सगळं पूर्ववत दीडशेवर आणलं, पंखा बंद केला, आणि बाहेर जाऊन बसलो.

सासूबाई आल्या, भांडं हलवून पाहिलं. मधोमध थरथर हवी होती, ते घट्ट होतं. त्यांनी बटणाकडे पाहिलं. "दीडशेच आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी पेपर वाचत राहिलो.

रविवारी सकाळी पुडिंग ताटात उलटं केलं. कडेला जाळी, आत पनीरसारखे कण, आणि कॅरॅमलच्या दाट रसाबरोबर ताटभर फिकट पाणी.

"आजी, श्मेक्ट डॉख!" मुलगी चमचा चाटत म्हणाली. चव छान आहे, एवढं आजीला कळलं.

"चव राहू दे गं. हात गेला माझा. वेळ चुकले असेन, नाहीतर पाणीच उकळतं घातलं. आठवत नाही."

'आठवत नाही' ऐकताच बायकोने माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि बाल्कनीत गेली. दार लावून घेतलं, तरी "दादा, तू म्हणत होतास तेच बरोबर" एवढं मला ऐकू आलं.

मी बाल्कनीत गेलो. "फोन ठेव. मी ओव्हन दोनशेवर केला होता."

"काय?"

"आणि परत दीडशेवर आणला. त्यांना कळू नये म्हणून."

बायको फोनमध्ये म्हणाली, "दादा, थांब. आईचं काही चुकलं नाही. तुझे भाऊजी इंजिनिअर आहेत."

सासूबाईंना मी स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "रात्रभर मी एकेक पायरी आठवत होते, जावईबापू. कुठे चुकले, कुठे चुकले."

इथे रविवारी दुकानं बंद. दूध घरात होतं, अंडी मी स्टेशनवरच्या दुकानातून आणली. दुसरं पुडिंग लावल्यावर त्यांनी मला ओव्हनसमोर स्टूल दिलं. "बसा. हात मांडीवर." मी तासभर न उकळणारं पाणी पाहत बसलो. मधोमध जेलीसारखं थरथरत असतानाच त्यांनी ते बाहेर काढलं. उरलेलं आतल्या उष्णतेनेच सेट होतं म्हणाल्या. संध्याकाळी ताटात उतरलं ते गुळगुळीत, एकही छिद्र नाही.

मेहुण्याने फ्लॅटचा विषय पुढे ढकलला. पण परत जाईपर्यंत सासूबाई ओव्हन लावल्यावर बटण दोनदा तपासत. आधी एकदाच बघायच्या.

त्या नागपूरला निघताना मी त्यांच्या हातात साडेसात युरो ठेवले.

"हे कशाचे?"

"पहिल्या पुडिंगचे. ते मी बिघडवलं."

त्यांनी मोजले, बटव्यात टाकले. "बरोबर आहेत," म्हणाल्या.