हौसाबाईचा चकचकीत तवा

आटगाव स्टेशनाबाहेर घावन विकणाऱ्या हौसाबाईला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक जाळीदार घावन, दुसरी लखलखीत भांडी. दुसरीचा जरा जास्तच. शेजारच्या रंभाची काळी भांडी पाहून ती वीस वर्षं नाक मुरडत आली होती.

सासूचा बिडाचा तवा हातातून निसटला आणि फुटला. त्याला सासूनं कधी राख लावू दिली नव्हती. का, ते हौसाबाईनं कधी विचारलं नाही. म्हसा गावच्या जत्रेतून तिनं नवा लोखंडी तवा आणला आणि मनसोक्त घासला.

पहिलं घावन चिकटलं, दुसरं फाटलं, तिसरं उलथण्यानं खरवडून काढावं लागलं. वाशिंदच्या कारखान्यात जाणारा सुदाम हसला, "मावशी, घावन मागितलं, भुरजी नाय!" घरी जाऊन बाईनं तवा दुप्पट जोरानं घासला. दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट. तिसऱ्या दिवशी तिनं आधी भरपूर तेल ओतून तवा तापवला, तर वर चिकट थर जमला. चौथ्या सकाळी गिऱ्हाईकं समोरच्या वडापावकडे वळली. घर चालत होतं ते याच घावनांवर.

दुपारी ती पदराखाली तवा लपवून रंभाच्या दारात उभी राहिली. चिकट थर काढण्यासाठी आत्ताच घासून आणला होता, हे सांगायला नकोच.

रंभानं तवा उजेडात धरला. "तोंड दिसतंय गो यात."

"दिसतंय ना?" हौसाबाई फुलली.

"घावन काढायचंय का कुंकू लावायचंय?"

हौसाबाईनं चार दिवसांची फजिती सांगून टाकली. हे तिच्या स्वभावाला फार कठीण होतं.

रंभानं तवा चुलीवर कोरडा केला, जरासं तेल चोळलं आणि फडक्यानं सगळं पुसून टाकलं.

"अगो, पुसतेस कशाला?"

"जाड तेल रायलं तर चिकट होतं. दिसाया नको, पन असाया हवं."

तवा धूर येईपर्यंत तापला, निवला, पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. पाचव्या खेपेला तो तपकिरीचा काळा झाला. मग रंभानं अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला आणि पाण्याचा थेंब टाकला. थेंब नाचला, तेव्हाच पीठ ओतलं. हौसाबाईनं उलथणं उचलताच तिच्या हातावर चापट बसली.

"थांब. कड आपनहून सुटंल."

कड सुटली. अख्खं घावन उलटलं.

"आता राख नाय, साबन नाय, नायतर हा काळा थर निघंल. कोमट पानी, चुलीवर सुकवनं आनि तेलाचा हात. बस."

दुसऱ्या दिवशी सुदामनं तीन घावनं खाल्ली. संध्याकाळी हौसाबाई मोरीत बसली, तर हात तीनदा राखेच्या डब्याकडे गेला. ती तशीच उठली आणि तवा घेऊन रंभाकडे आली.

"तुझ्याकडंच ठेव. सकाळी नेत जाईन. माझा हात ऐकत नाय."

"माझ्या काळ्या भांड्यांत?" रंभा हसत म्हणाली.

हौसाबाईला वीस वर्षांची लाज एकदम वाटली.

"त्येंच्यातच ठेव," ती म्हणाली. "त्येंच्यासारखा होऊ दे."